नाव टाटांचे, मालक कोण? काही प्रश्न आणि आमची उत्तरे

मागच्या दोन-तीन बैठकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला. कुणी म्हणाले, "कंपनी मोठ्या घराण्याची हाय, ते लोक फसवायचे नाहीत." कुणी म्हणाले, "मोठ्या घराण्याची हाय म्हणूनच जास्त लुटणार." दोन्ही बाजूंनी एक गोष्ट धरूनच चालले होते, की पाटीवर ज्याचे नाव त्याचीच कंपनी. आम्हाला आधी त्याच्यावरच बोलायचे आहे. मोजणीवाले पुन्हा येतील तेव्हा आपण कुणाशी बोलतोय हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

आपल्या डोंगरावर जी कंपनी आली तिचे नाव इथे लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. तिच्या नावात टाटा नाही, दुसरेच एक घराणे आहे. पण समजून घ्यायला आम्ही टाटांचे उदाहरण घेतले आहे. एक तर ते नाव मिठाच्या पुडीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांनी वाचलेले आहे. दुसरे म्हणजे त्यांचे बरेच कागद उघडे आहेत, त्यामुळे आम्ही सांगतो ते कुणालाही तपासून बघता येते.

प्रश्न : टाटा कंपनी टाटा घराण्याच्या मालकीची आहे का?

आधी "टाटा कंपनी" हा शब्द सोडून द्या. टाटा नावाची एक कंपनी नाहीच. लोखंडाची वेगळी, ट्रकची वेगळी, विजेची वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी. प्रत्येकीचे कागद वेगळे, भागीदार वेगळे. या सगळ्यांच्या वर एक कंपनी आहे, टाटा सन्स. सन्स म्हणजे मुलगे. ती स्वतः लोखंड करत नाही की वीज करत नाही. खालच्या कंपन्यांचे शेअर सांभाळणे, त्यांच्यावर माणसे नेमणे आणि टाटा हे नाव वापरायला देणे हे तिचे काम.

आता या टाटा सन्सचे 100 वाटे आहेत असे धरा. त्यातले सुमारे 66 वाटे धर्मादाय ट्रस्टांकडे आहेत. सुमारे 18 वाटे मिस्त्री घराण्याकडे, म्हणजे शापूरजी पालनजी या बांधकामवाल्या गटाकडे. तेराएक वाटे टाटांच्याच दुसऱ्या कंपन्यांकडे. आणि टाटा आडनावाच्या माणसांकडे सगळी मिळून दोन-तीन वाटे. रतन टाटा एवढे नाव झालेले गृहस्थ, 2024 साली वारले, त्यांच्या स्वतःच्या नावावर पुरता एक वाटाही नव्हता.

म्हणजे सरळ उत्तर हे, की टाटांच्या नावाच्या वरच्या कंपनीत टाटा आडनावाच्या माणसांपेक्षा मिस्त्री आडनावाच्या माणसांचा वाटा कितीतरी मोठा आहे. आणि सगळ्यात मोठा वाटा कुठल्याच माणसाचा नाही, ट्रस्टांचा आहे.

प्रश्न : मग घराण्याची मालमत्ता गेली कुठे? कुणी लुबाडली का?

लुबाडली नाही, त्यांनीच दिली. जमशेटजी टाटा 1904 साली वारले. त्यांना दोन मुलगे, दोराबजी आणि रतनजी. दोघांनाही मूलबाळ नव्हते. रतनजी 1918 साली गेले आणि त्यांच्या मालमत्तेतून पुढच्या वर्षी एक ट्रस्ट निघाला. दोराबजींनी 1932 साली जवळजवळ सगळेच ट्रस्टला लिहून दिले आणि त्याच वर्षी तेही गेले. टाटा सन्समधले दोघा भावांचे शेअर असे या ट्रस्टांकडे आले. आजही 66 मधला बहुतेक भाग याच दोन ट्रस्टांकडे आहे, बाकीचा त्यांच्या जोडीच्या लहान ट्रस्टांकडे.

पुढे जे टाटा प्रसिद्ध झाले ते जमशेटजींचे सरळ नातू-पणतू नाहीत. जे. आर. डी. हे जमशेटजींच्या नात्यातल्या एका भागीदाराचे चिरंजीव. रतन टाटांचे वडील नवल हे रतनजींच्या विधवा पत्नी नवाजबाईंनी दत्तक घेतलेले. आडनाव टिकले, पण मालमत्ता आडनावाबरोबर चालत आली नाही. आपल्याकडे दत्तकाबरोबर जमीनही जाते, म्हणून हे समजायला जरा जड जाते.

प्रश्न : ट्रस्ट म्हणजे काय? ट्रस्टचे मालक कोण?

याला आपल्या ओळखीचे उदाहरण देवस्थान इनामाचे. सातबाऱ्यावर नाव देवाचे असते. देव काही शेत कसायला येत नाही की धान मोजायला येत नाही. वहिवाटदार आणि पंच ठरवतात, कुणाला कसायला द्यायचे, खंड किती घ्यायचा, आलेल्या पैशात कळस करायचा की धर्मशाळा. कायद्याने ते मालक नाहीत, जमीन विकून पैसे खिशात घालता येत नाहीत. पण गावात कुणाला विचारा, त्या जमिनीवर कुणाची सत्ता चालते? लोक पंचांचेच नाव घेतील.

टाटा ट्रस्टांचे तसेच आहे. विश्वस्त हे मालक नाहीत. नफ्याचा जो हिस्सा ट्रस्टकडे येतो तो दवाखाना, शिक्षण, पाणी अशा कामांवरच खर्च करावा लागतो. पण 66 वाट्यांचे मत कुणीकडे टाकायचे हे तेच ठरवतात. टाटा सन्सच्या नियमावलीतच लिहिलेले आहे, की ट्रस्टांनी संचालक मंडळावर एक-तृतीयांश माणसे नेमायची आणि काही मोठे निर्णय त्या माणसांच्या संमतीशिवाय व्हायचे नाहीत. रतन टाटा गेल्यावर दोनच दिवसांत नोएल टाटा ट्रस्टांचे प्रमुख झाले. त्याच वेळी टाटा सन्स या कंपनीचे प्रमुख होते एन. चंद्रशेखरन, म्हणजे आडनावाने टाटा नव्हेत, नोकरी करत वर आलेले गृहस्थ.

तेव्हा "घराण्याचे काहीच नाही" असे कुणी म्हणेल तर तेही अर्धेच खरे. वाटे फार नाहीत, पण ट्रस्टच्या गादीवर माणूस घराण्यातला आहे. मालकी एकाकडे, सत्ता दुसऱ्याकडे, नाव तिसऱ्याचे. या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बघायची सवय आपल्याला लावून घ्यायची आहे.

खरे तर आपल्याला ती नवी नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहज घेता येत नाही, म्हणून सावकाराने काय केले? आपल्याच एखाद्या गड्याच्या नावावर जमीन घेतली. सातबाऱ्यावर गडी, बांधावर सावकार. तलाठी कागद दाखवून म्हणतो जमीन आदिवासीचीच आहे. आणि सगळ्या पाड्याला ठाऊक असते की पीक कुणाच्या घरात जाते.

प्रश्न : ज्याच्याकडे 18 वाटे आहेत त्याचे तरी चालते का?

नाही चालले, आणि हे सगळ्या देशाने पाहिले. मिस्त्री घराण्यातले सायरस मिस्त्री 2012 च्या अखेरीला टाटा सन्सचे प्रमुख झाले. ऑक्टोबर 2016 मध्ये संचालक मंडळाने त्यांना एका बैठकीत काढून टाकले. घराण्याकडे 18 वाटे, माणूस सगळ्यात वरच्या खुर्चीवर, तरी एका दुपारी खुर्ची गेली. ते कोर्टात गेले. मधल्या एका न्यायाधिकरणात जिंकलेही. पण मार्च 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल टाटा सन्सच्या बाजूने दिला.

आम्ही कुणाची बाजू घेत नाही, ते दोन श्रीमंतांचे भांडण आहे. पण त्यातून कंपनीचे गणित उघडे पडले. ग्रामसभेत एका माणसाला एक मत. कंपनीत एका शेअरला एक मत. 66 वाले एकीकडे झाले की 18 वाल्याचे मत मोजायचे फक्त. उद्या कुणी तुम्हाला म्हणाले की "जमीन द्या, तुम्हाला कंपनीत भागीदार करून घेतो", तर हे आठवा. शंभरात अर्धा वाटा हातात घेऊन तुम्ही खाण थांबवू शकणार नाही.

प्रश्न : लोखंडाच्या कंपनीचे काय? खाणी तर तिच्याच आहेत.

हा खरा आपल्या कामाचा प्रश्न, म्हणून हिशेब सावकाश करू.

टाटा स्टील ही 1907 सालची कंपनी. आजच्या झारखंडात, सिंहभूममध्ये, साकची नावाच्या गावाजवळ कारखाना उभा राहिला. हो, संथाळ, भूमिज यांचा तो मुलूख. जवळच्या रेल्वे स्टेशनाचे नाव होते काळीमाटी. 1919 साली साकचीचे जमशेदपूर झाले आणि काळीमाटीचे टाटानगर. नाव देणाऱ्याने आधीचे नाव कुठे ठेवले, ते त्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारावे लागेल.

या टाटा स्टीलचे 100 वाटे धरा. त्यातले तेहतीसच्या आसपास टाटा सन्स आणि तिच्या बरोबरच्या कंपन्यांकडे आहेत. उरलेले सदुसष्ट बाहेर. त्यात एलआयसी आहे, म्हणजे विम्याची सरकारी कंपनी, तिचा वाटा पाचाहून जास्त आहे. म्युच्युअल फंड आहेत, परदेशी गुंतवणूकदार आहेत, आणि लाखो लहान लोक आहेत ज्यांनी शेअरबाजारात थोडे-थोडे घेतले. आपल्या आश्रमशाळेच्या मास्तरांनी एलआयसीची पॉलिसी काढली असेल, तर त्यांच्या हप्त्यातला एखादा रुपया सिंहभूमच्या खाणीत असू शकतो. मास्तरांना ते माहीतही नसते.

आता घराण्याचा वाटा काढू. टाटा स्टीलच्या 100 मधले 33 टाटा सन्सकडे. टाटा सन्सच्या 100 मधले तीन घराण्यातल्या माणसांकडे. तेहतीसचे शंभरातले तीन म्हणजे एक. खाणीतून नफ्याचे शंभर रुपये वाटले गेले तर या वाटेने घराण्याच्या खिशात जास्तीत जास्त एक रुपया जातो, तोही टाटा सन्सने आपल्याकडे आलेले सगळे पुढे वाटले तर.

मग ट्रस्टचा वाटा? तेहतीसचे शंभरातले 66, म्हणजे 22 रुपये. हे मुद्दाम सांगतो, कारण एजंट लोक म्हणतात, "टाटांचा सगळा नफा गरिबांना जातो." सगळा नाही. शंभरातले 22, तेही कागदावर सगळ्यात जास्त. कारण टाटा सन्स आलेला पैसा बहुतेक नव्या धंद्यात घालते, थोडाच पुढे वाटते. शिवाय तिच्याकडे येणाऱ्या पैशातला मोठा भाग कॉम्प्युटरच्या कंपनीतून येतो, खाणीतून नव्हे. उरलेले 78 तर ट्रस्टकडे जातच नाहीत, ते एलआयसी, परदेशी फंड, शेअरबाजारवाले असे विखुरतात.

आणि या सगळ्या वाटणीत ज्याच्या डोंगरातून माती निघाली त्याचा वाटा कुठल्या रकान्यात आहे? शेअरच्या यादीत तो नाहीच.

पण एक लक्षात ठेवा. शंभरातले 33 हातात घेऊन टाटा सन्स पूर्ण कंपनी चालवते. बाकीचे सदुसष्ट विखुरलेले आहेत, एकजूट नाहीत, बैठकीला येत नाहीत. संघटित तेहतीस विखुरलेल्या सदुसष्टांवर राज्य करतात. हे आम्हाला कुणी वेगळे शिकवायला नको.

प्रश्न : पण टाटा हॉस्पिटल तर चांगले आहे. आमच्या काकीचा इलाज तिथेच झाला.

झाला असेल, आणि चांगला झाला असेल. परळचे ते हॉस्पिटल 1941 साली दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून उभे राहिले, हे खरे. पण 1957 मध्ये ते केंद्र सरकारने घेतले आणि 1962 पासून ते सरकारच्या अणुऊर्जा खात्याखाली आहे. डॉक्टरांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो. पाटीवर टाटा आहे, मालक भारत सरकार आहे.

तेव्हा हॉस्पिटलचे उपकार मानायचे तर ते बांधणाऱ्या ट्रस्टचे माना आणि साठ-पासष्ट वर्षे चालवणाऱ्या सरकारचे माना. त्यासाठी कुठल्याही खाणीच्या कागदावर अंगठा द्यायची गरज नाही. काकीच्या औषधाचा आणि डोंगराच्या मोजणीचा काही संबंध नाही. तो जोडणारा माणूस आपल्या दारात आला तर तो का जोडतोय ते विचारा.

उलटी उदाहरणेही आहेत. कापसावर मारायच्या औषधाच्या डब्यावर रॅलीज हे नाव वाचले असेल. रॅली हे ग्रीक व्यापारी भाऊ, इंग्रजांच्या काळात इथून कापूस न्यायचे. त्यांच्या घराण्याचा आज त्या कंपनीशी काही संबंध नाही, ती कित्येक वर्षांपासून टाटांकडे आहे. म्हणजे रॅली आडनावाच्या डब्यामागे टाटा, आणि टाटा आडनावाच्या दवाखान्यामागे सरकार. मुंबईचे ताज हॉटेल, टायटन घड्याळ, व्होल्टासचे एसी, नावात कुठेच टाटा नाही, पण ते टाटांचेच. 2018 साली टाटा स्टीलने दिवाळे निघालेली भूषण स्टील विकत घेतली. कारखाना तोच, कामगार तेच, फाटकावरची पाटी बदलली.

प्रश्न : नाव वापरायचे पैसे लागतात म्हणे?

लागतात. ज्या कंपन्या टाटा हे नाव लावतात त्या टाटा सन्सला दर वर्षी नावाचे पैसे देतात, उलाढालीच्या पाव टक्क्याच्या आसपास. पाव टक्का म्हणजे चारशे रुपयांच्या विक्रीमागे एक रुपया. ऐकायला थोडे, पण विक्री हजारो कोटींची असते. नाव म्हणजे त्यांच्या लेखी जमिनीसारखीच मालमत्ता आहे, तिचा खंड घेतला जातो. आणि ते नाव आपल्या ग्रामसभेत फुकट विश्वास कमावते. आपण विश्वास टाकतो म्हणून त्या नावाला भाव आहे, हेही बघा.

प्रश्न : मग जबाबदार कोणाला धरायचे? घराण्याला की ट्रस्टला की सरकारला?

ओडिशात, जाजपूर जिल्ह्यात कलिंगनगर आहे. तिथली जमीन सरकारी औद्योगिक महामंडळाने आधीच घेऊन ठेवली होती, ती टाटा स्टीलला कारखान्यासाठी दिली. 2 जानेवारी 2006 रोजी कुंपणाची भिंत घालायला सुरुवात झाली, आदिवासी आडवे गेले, पोलिसांनी गोळीबार केला. डझनाहून जास्त आदिवासी मेले. कारखाना पुढे उभा राहिला आणि चालू आहे.

जमीन घेणारे सरकार, गोळी घालणारे सरकार, भिंतीच्या आत कंपनी. कंपनीचे मोठे भागीदार ट्रस्ट, सरकारी विमा, परदेशी फंड. अशा वेळी "टाटा मुर्दाबाद" म्हणताना आपण नेमके कुणाला म्हणतो? घोषणेला आमची हरकत नाही, शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हा नावानेच केला. पण अर्जात, ठरावात आणि कोर्टात घोषणेची भाषा चालत नाही. तिथे ज्या कंपनीच्या नावाने खाणपट्टा मागितला आहे, तीच एक जबाबदार. तिची वरची कंपनी म्हणेल आम्ही फक्त शेअरवाले. ट्रस्ट म्हणेल आम्ही धर्मादाय. घराणे म्हणेल आमचे दोन-तीन वाटे. आणि कायद्याप्रमाणे त्या तिघांचेही म्हणणे बरोबर ठरू शकते. "लिमिटेड" या शब्दाचा अर्थच तो आहे, भागीदाराचे नुकसान त्याने घातलेल्या पैशापुरते मर्यादित.

म्हणून ग्रामसभेच्या ठरावात "टाटा कंपनी" किंवा "अमक्या शेठची कंपनी" असे लिहू नका. पूर्ण नाव लिहा, शेवटच्या "लिमिटेड"सकट, आणि खाली नोंदणी क्रमांक लिहा. नाव अर्धवट असले तर समोरचा वकील उठून सांगतो, की या नावाची कंपनीच नाही, ठराव आमच्याविरुद्ध नाही.

प्रश्न : नोंदणी क्रमांक कुठे मिळतो? आम्हाला कसा वाचता येईल?

कंपनीच्या प्रत्येक पत्रावर तो छापावाच लागतो, कायदा आहे. सीआयएन म्हणतात त्याला, इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून एकवीस. टाटा स्टीलचा असा आहे :

L27100MH1907PLC000260

पहिले अक्षर L म्हणजे शेअरबाजारात नोंदलेली. तिथे U असेल तर नोंदलेली नाही. पुढचे पाच आकडे धंद्याचे. MH म्हणजे नोंदणी महाराष्ट्रात. 1907 हे स्थापनेचे वर्ष. PLC म्हणजे पब्लिक कंपनी, PTC असेल तर प्रायव्हेट. शेवटचा तिचा नंबर. दहावी झालेल्या कुठल्याही पोराला हे पाच मिनिटांत वाचता येईल.

पहिले अक्षर L असेल तर काम सोपे. दर तीन महिन्यांनी कंपनीला वाटेकऱ्यांची यादी शेअरबाजाराला द्यावी लागते आणि ती bseindia.com वर फुकट वाचता येते. त्यात वरच्या भागात चालवणारे, म्हणजे प्रमोटर, आणि खाली बाकीचे. एक टक्क्याहून जास्त ज्याच्याकडे आहे त्याचे नावच लिहिलेले असते. पहिले अक्षर U असेल तर mca.gov.in वर शंभर रुपये भरून कागद बघता येतात. त्यात वार्षिक विवरण शोधायचे, वाटेकऱ्यांची यादी त्याच्याबरोबर असते. वाटेकरी पुन्हा एखादी कंपनी निघाली तर तिचे कागद काढायचे, मग तिच्या वाटेकऱ्याचे. पायरी-पायरीने वर चढत माणसापर्यंत जायचे. आपण वारसनोंदीचे फेरफार काढत आज्यापर्यंत जातो, तसेच.

आपल्याकडे आलेल्या कंपनीचे आम्ही हेच केले. कागदावर घराण्याचे मोठे आडनाव, गाडीवर तेच, टोपीवर तेच. क्रमांकाचे पहिले अक्षर U. वर्ष तीन वर्षांपूर्वीचे. वाटेकऱ्यांनी भरलेले भांडवल एक लाख रुपये. एवढे तर आपल्या बचतगटाच्या पेटीत असते, आणि मागणी शेकडो हेक्टर जंगलाची. सगळे वाटे एका दुसऱ्या कंपनीकडे, तिचा पत्ता दूर दुसऱ्या राज्यातल्या शहरातला. संचालकांच्या यादीत ते आडनाव असलेला एकही माणूस नाही.

याचा अर्थ लगेच फसवणूक असा होत नाही. एकेका खाणीसाठी मोठे लोक अशी पोटकंपनी काढतात, तो रिवाज आहे. पण अर्थ एवढा नक्की होतो, की उद्या पाणी आटले, धूळ बसून नागली गेली, पुनर्वसन बाकी राहिले, तर नुकसानभरपाई ज्या कंपनीवर बसेल तिच्याकडे एक लाख रुपये आहेत. आणि तिचे वाटे दूरच्या शहरात बसून तिसऱ्याला विकले तर पट्ट्यावरचे नाव तेच राहील, मालक बदललेला असेल, आणि आपल्याला कुणी विचारायला येणार नाही.

प्रश्न : मोजणीवाले आले तर काय विचारायचे?

चार कागद मागा. ज्या कंपनीने अर्ज केला तिचे सीआयएन असलेले पत्र. समोर उभ्या माणसाला तिने नेमल्याचे पत्र, नाहीतर तो कंत्राटदाराचा माणूस असतो. तिच्या वाटेकऱ्यांची ताजी यादी. आणि वरची कंपनी जर म्हणत असेल की आम्ही पाठीशी आहोत, तर त्या वरच्या कंपनीने सही-शिक्क्यानिशी दिलेले हमीपत्र. पहिले तीन बहुतेक वेळा मिळतात. चौथे मागितले की गाडी परत जाते, असा आमचा अनुभव आहे. कागद मिळाले नाहीत तर तसे ग्रामसभेच्या वहीत तारखेसकट लिहा आणि आलेल्या माणसाची सही घ्या. सही देत नसेल तर "सही दिली नाही" हे लिहून हजर असलेल्या पाच जणांच्या सह्या, अंगठे घ्या.

ज्या पाड्यांना हे कागद काढायला मदत पाहिजे त्यांनी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी कार्यालयात यावे. सोबत कंपनीच्या पत्राची झेरॉक्स आणावी, मूळ कागद घरीच ठेवावा.